जेर हवा तिथे जबर: गैर मुनसरिफ नाम आयतीत कसं ओळखायचं

प्रश्न: «मी कुरआन मराठी तर्जुम्यासह वाचतो आणि सोबत थोडं अरबी व्याकरण शिकतोय. ‘इला’च्या पुढच्या नामाला जेर येतो असं शिकलो होतो. पण सूरह हूदमध्ये ‘व-इला समूद’ इथे दालवर जबर आहे, आणि तनवीनही नाही. छपाईची चूक म्हणावी तर सगळ्या प्रतींत तसंच आहे. अशी नामं आयतीत चटकन कशी ओळखायची? आणि त्यावरून अर्थाबद्दल काही कळतं का?»

छपाई बरोबर आहे आणि तुमचा नियमही बरोबर आहे. ‘समूद’ हे गैर मुनसरिफ नाम आहे. अशा नामाला तनवीन लागत नाही, आणि ‘जर’ या विभक्तीत ते जेर न घेता जबर घेतं. ‘इला’ने आपलं काम केलेलंच आहे. समूद इथे जरमध्येच आहे, फक्त जरची खूण वेगळी आहे.

पुढे जाण्याआधी लिहिण्याबद्दल एक सोय करून घेऊ. देवनागरीत शेवटचा ‘अ’ डोळ्याला दिसत नाही आणि इथे तर सगळा खेळ शेवटच्या स्वराचाच आहे. म्हणून जिथे गरज आहे तिथे तो स्वर मी आडवी रेघ देऊन वेगळा लिहितो. एक पेश म्हणजे -उ, एक जबर म्हणजे -अ, एक जेर म्हणजे -इ. तनवीन असेल, म्हणजे दोन पेश, दोन जबर किंवा दोन जेर, तर -उन, -अन, -इन.

साध्या, म्हणजे मुनसरिफ नामाची तीन रूपं तुम्हाला पाठ असतीलच: रफअमध्ये बैत-उन, नसबमध्ये बैत-अन, जरमध्ये बैत-इन. गैर मुनसरिफ नामाची रूपं अशी: समूद-उ, समूद-अ, समूद-अ. विभक्त्या तीन, पण रूपं दोनच. नसब आणि जर एकाच जबरमध्ये राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका आयतीत याच्यावरूनच वाद झालेला आहे.

असं का, याचं नहवच्या परंपरेतलं स्पष्टीकरण थोडक्यात असं. क्रियापदाला तनवीनही नसते आणि जरही नसते. एखाद्या नामात दोन ‘दुय्यम’ गुण एकत्र आले, उदाहरणार्थ ते विशेषनाम आहे आणि शिवाय स्त्रीलिंगी आहे, की ते नाम क्रियापदाच्या बाजूला झुकलं असं मानतात, आणि मग क्रियापदाला जे वर्ज्य ते त्यालाही वर्ज्य होतं. मदरशात हे गुण नऊ कारणांच्या यादीने पाठ करून घेतात. यादी पाठ असावी, पण आयत वाचताना सुरुवात यादीपासून केली की माणूस अडकतो. आधी खूण दिसली पाहिजे, कारण नंतर शोधायचं.

खूण दाखवायला तुम्ही ज्या सूरहबद्दल विचारलंत तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. सूरह हूदमध्ये तीन आयती एकाच साच्यातल्या आहेत, 50, 61 आणि 84. तिन्हींची सुरुवात एकाखाली एक लिहून पाहा:

व-इला आद-इन अख़ाहुम हूद-अन
व-इला समूद-अ अख़ाहुम सालिह-अन
व-इला मदयन-अ अख़ाहुम शुऐब-अन

‘आदकडे त्यांचा बंधू हूद, समूदकडे त्यांचा बंधू सालिह, मदयनकडे त्यांचा बंधू शुऐब’, पाठवला, हे क्रियापद आधीच्या नूहच्या कथेवरून, 25व्या आयतीवरून, गृहीत धरलेलं आहे. तिन्ही ठिकाणी ‘इला’ तेच, वाक्यातली जागा तीच. पण आदला दोन जेर आहेत, समूद आणि मदयनला एकच जबर. आता उजवीकडचे तीन प्रेषित बघा. हूद, सालिह, शुऐब तिघेही नसबमध्ये आहेत आणि तिघांनाही दोन जबर आहेत. म्हणजे तिन्ही प्रेषितांची नावं मुनसरिफ, आणि लोकसमूहांपैकी फक्त आद मुनसरिफ.

या तिन्ही कथांचा शेवटही एकाच घोषाने होतो. 60व्या आयतीत ‘बुअद-अन लि-आद-इन’, 68व्यात ‘बुअद-अन लि-समूद-अ’, 95व्यात ‘बुअद-अन लि-मदयन-अ’. ‘लि’ हाही जर देणारा, आणि निकाल पुन्हा तोच. वर्गात मी हीच सहा वाक्यं फळ्यावर लिहितो, कारण बाकी सगळं सारखं असल्यामुळे नजर आपोआप शेवटच्या खुणेवर जाते.

आता ओळखण्याची रीत. तनवीन नसलेलं नाम दिसलं की लगेच ‘गैर मुनसरिफ’ म्हणू नका. तनवीन जाण्याची साधी कारणं आधी बाजूला काढा. नामाला ‘अल’ आहे का? ते पुढच्या नामाशी इज़ाफतीने जोडलेलं आहे का? त्याला हाक मारलेली आहे का? त्याच्या आधी ‘कुठलाही… नाही’ या अर्थाचा ‘ला’ आहे का? या चारपैकी एक जरी असलं तरी तनवीन नसणं हा पुरावा उरत नाही. ‘ला रैब-अ फ़ीहि’ (2:2) मधल्या रैबला एकच जबर आहे ते त्या ‘ला’मुळे. हाकेची गंमत तर याच सूरहत आहे. जे हूद, सालिह आणि शुऐब वर दोन जबर घेऊन आले तेच त्यांच्या लोकांच्या तोंडी ‘या हूद-उ’ (53), ‘या सालिह-उ’ (62), ‘या शुऐब-उ’ (87) असे एका पेशावर येतात. नवशिके हमखास इथे फसतात आणि सालिहला गैर मुनसरिफांत टाकतात. त्यांना मी 89वी आयत दाखवतो, जिथे शुऐब आपल्या लोकांना आधीच्यांची आठवण देतात: क़ौम-अ नूह-इन, क़ौम-अ हूद-इन, क़ौम-अ सालिह-इन, आणि पुढे क़ौम-उ लूत-इन. चारही नावं जरमध्ये, चौघांनाही दोन जेर. शंका उरत नाही.

चारही साधी कारणं नाहीत आणि तरीही तनवीन नाही, मग नाम संशयित झालं. आता वाक्य त्याला कुठली विभक्ती मागतंय ते बघा. आधी जर देणारा शब्द असेल किंवा ते इज़ाफतीतलं दुसरं नाम असेल, आणि शेवटी जबर असेल, तर काम झालं. जर ही सगळ्यांत बोलकी जागा आहे, कारण तिथे दोन पुरावे मिळतात, तनवीन नाही आणि जेरच्या जागी जबर. रफअ आणि नसबमध्ये पुरावा एकच असतो, दुसरा पेश किंवा दुसरा जबर नसणं. त्यामुळे एखाद्या नावाबद्दल खात्री करायची असेल तर मी ते नाव जरमध्ये कुठे आलंय ते आधी शोधतो.

आणि शेजारच्यांना विचारा. गैर मुनसरिफ नाम स्वतःची विभक्ती लपवतं, पण त्याच्याबरोबर चालणारा शब्द लपवत नाही. 97व्या आयतीत ‘इला फ़िरऔन-अ व-मलइ-हि’ आहे, म्हणजे ‘फिरऔन आणि त्याच्या सरदारांकडे’. फ़िरऔनला जबर, पण ‘व’ने जोडलेल्या मलअला उघड जेर. दोघांची विभक्ती एकच असणार, म्हणून फ़िरऔन जरमध्ये आहे हे मलअ सांगतो. याहून स्पष्ट उदाहरण सूरह तौबात (9:25) आहे: ‘फ़ी मवातिन-अ कसीरत-इन’, अनेक ठिकाणी. मवातिनवर जबर आणि त्याच्याच विशेषणावर दोन जेर. उलटा प्रकारही दिसतो. रोज़्याच्या आयतीत (2:184) ‘अय्याम-इन उख़र-अ’ आहे. तिथे नाम साधं आहे आणि विशेषण गैर मुनसरिफ.

पण शेजारी मदतीला नसेल, किंवा शेजाऱ्यामुळेच पेच पडत असेल तर? सूरह हूदची 71वी आयत घ्या. इब्राहीमच्या पत्नीला दिलेली ती शुभवार्ता: ‘फ़-बश्शर्नाहा बि-इसहाक़-अ व-मिन वराइ इसहाक़-अ याक़ूब-अ’. इसहाक़चे दोन्ही जबर निर्विवाद आहेत. पहिला ‘बि’मुळे जर, दुसरा ‘वराइ’च्या इज़ाफतीमुळे जर. पण शेवटचा याक़ूब-अ? हफ़्सच्या, म्हणजे आपल्या छापील प्रतींच्या, पठणात तिथे जबर आहे, आणि तो जबर नसबचा की जरचा, हे रूपावरून सांगता येत नाही. काहींनी तो जर मानला: तिला इसहाक़ची आणि इसहाक़नंतर याक़ूबचीही बातमी दिली. त्यावर आक्षेप असा की ‘बि’ परत न आणता, मध्ये ‘मिन वराइ इसहाक़’ एवढा तुकडा टाकून जर पुढे नेणं अरबीच्या वळणात बसत नाही. म्हणून इतरांनी नसब धरला आणि ‘आम्ही दिला’ अशा अर्थाचं क्रियापद गृहीत धरलं. मलाही नसबच पटतो. बऱ्याच क़ारींच्या पठणात इथे याक़ूब-उ असा पेशच आहे, आणि मग वाक्य सरळ होतं: इसहाक़नंतर याक़ूब आहे. या जागी साधं नाम असतं तर -अन की -इन एवढ्यावर प्रश्न मिटला असता. दोन विभक्त्यांनी एक खूण वापरली की कधीतरी अशी अडचण येणारच.

आता ‘अल’ आणि इज़ाफतीचं उरलेलं. या दोन्ही गोष्टी गैर मुनसरिफ नामाला पुन्हा साध्या नामांच्या रांगेत आणतात आणि जेर परत येतो. ‘अहसन’ या एका शब्दावर हे पूर्ण दिसतं. सूरह निसात (4:86) सलामाला उत्तर देण्याबद्दल ‘बि-अहसन-अ मिन्हा’ आहे, त्याहून चांगल्या सलामाने. ‘बि’ आहे, तरी जबर. सूरह तीनमध्ये (95:4) ‘फ़ी अहसन-इ तक़वीम’ आहे, सर्वोत्तम घडणीत. तिथे अहसन पुढच्या नामाशी जोडला गेला, म्हणून जेर. बहुवचनांचंही तेच. सूरह मुल्कमध्ये (67:5) आकाश ‘बि-मसाबीह-अ’ सजवलं आहे, दिव्यांनी; पण एतिकाफच्या आयतीत (2:187) ‘फ़िल-मसाजिद-इ’ आहे, कारण ‘अल’ आहे. मसाबीह आणि मसाजिद यांचा साचा ऐकून ओळखता येतो: दोन अक्षरं, मग ‘आ’, मग आणखी दोन अक्षरं किंवा मध्ये लांब ‘ई’ असलेली तीन. मवातिन त्यातलंच. या साच्यातलं बहुवचन एकट्याच्या बळावर गैर मुनसरिफ असतं, दुसरं कारण लागत नाही.

म्हणजे जरच्या जागी जबर दिसला की ‘इज़ाफत नाही’ हेही कळतं. ‘अहसन-अ’वर जबर आहे याचा अर्थ वाक्य पुढे ‘मिन’ने तुलना करणार किंवा तिथेच थांबणार. ‘अहसन-इ’ दिसलं की पुढचा शब्द त्याला बांधलेला आहे. मोठ्या वाक्यात मी याचा रोज उपयोग करतो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, अर्थाबद्दल काय कळतं? काही ठिकाणी खूप कळतं, आणि त्यासाठी ‘मिस्र’ या शब्दाच्या दोन जागा शेजारी ठेवा. सूरह यूसुफमध्ये (12:99) यूसुफ आपल्या आईवडिलांना म्हणतात, ‘उदख़ुलू मिस्र-अ’, मिस्रमध्ये प्रवेश करा. तनवीन नाही. हा इजिप्त देश, एक ठरलेली जागा. सूरह बक़रात (2:61) एकाच जेवणाला कंटाळलेल्या बनी इस्राईलना सांगितलं जातं, ‘इहबितू मिस्र-अन’, आणि इथे दोन जबर आहेत. बहुतेक मुफस्सिरांनी याचा अर्थ ‘एखाद्या शहरात उतरा’ असा घेतला, कारण ‘मिस्र’ हे सामान्यनाम म्हणून शहर या अर्थीही आहे. वाळवंटातून निघून कुठल्याही वस्तीत जा, तिथे काकडी, मसूर, कांदा मिळेल. तनवीनने नामाला अनिश्चित केलं, आणि तनवीन नसण्याने त्याचं विशेषनाम झालं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘आशा’ हे मुलीचं नाव असेल तर आपण ‘आशाला बोलाव’ म्हणतो, आणि मनातली आशा असेल तर ‘आशेला जागा नाही’. विशेषनाम झालं की नाम नेहमीचं सामान्यरूप घेईनासं होतं, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की बोलणं कुणाबद्दल आहे.

मात्र ‘मिस्र’च्या बाबतीत एक फट आहे ती सांगायलाच हवी. मिस्र तीन अक्षरी आहे आणि मधलं अक्षर साकिन, स्वराशिवाय. अशा स्त्रीलिंगी विशेषनामाला तनवीन देण्याची सूट अरबीत आहे. त्यामुळे 2:61मध्येही इजिप्तच अभिप्रेत आहे असं म्हणणारे झाले, आणि तिथे तनवीनशिवायचं पठणही नोंदलेलं आहे. मला ‘एखादं शहर’ हा अर्थ जास्त पटतो, पण केवळ दोन जबरांवर तो सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही.

हीच सूट आदला लागते. आद, नूह, लूत तिन्ही तीन अक्षरी, मधलं अक्षर साकिन. नूह आणि लूत परभाषेतली विशेषनामं असूनही त्यामुळेच दोन जेर घेतात. आद तर 59व्या आयतीत ‘तिल्क-अ आद-उन’ असा स्त्रीलिंगी दर्शक सर्वनामासोबत येतो आणि तरी तनवीन ठेवतो. इतक्या हलक्या शब्दावर दोन कारणांचा भार पडत नाही, असं नहवी सांगतात.

समूद तेवढा हलका नाही, म्हणून त्याच्या बाबतीत अर्थाचा प्रश्न खरोखर उभा राहतो. समूद म्हणजे जमात असं धरलं तर शब्द स्त्रीलिंगी होतो, आणि विशेषनाम अधिक स्त्रीलिंग म्हणून गैर मुनसरिफ. समूद म्हणजे ज्याच्यावरून वंशाला नाव पडलं तो पूर्वज, किंवा पुरुषांचा समूह, असं धरलं तर पुल्लिंगी होतो आणि तनवीन येते. हे नुसतं कागदी नाही. 68व्या आयतीत हफ़्सच्या पठणात ‘इन्न समूद-अ’ आहे, पण बहुसंख्य क़ारी तिथे ‘समूद-अन’ वाचतात. मुसहफात त्या दालपुढे एक अलिफ लिहिलेला आहे, जो नसबच्या तनवीनसाठी लिहितात. हफ़्सच्या पठणात तो उच्चारत नाहीत, म्हणून छापील प्रतींत त्याच्यावर बारीक वर्तुळ दिसेल. असा अलिफ 25:38, 29:38 आणि 53:51मध्येही आहे. आयतीच्या शेवटी मात्र जवळपास सगळे ‘लि-समूद-अ’ वाचतात. किसाई एकटे तिथेही ‘लि-समूद-इन’ वाचतात.

मग हफ़्सच्या पठणात जमात हाच अर्थ आहे हे कशावरून? 95व्या आयतीचा शेवट बघा: ‘कमा बइदत समूद-उ’, जशी समूद दूर झाली तशी. ‘बइदत’ हे क्रियापद स्त्रीलिंगी आहे. शेवटच्या एका पेशाने जे सुचवलं ते क्रियापदाने पक्कं केलं. अशी जोडी मिळाली तरच मी अर्थाबद्दल ठामपणे बोलतो. आणि हेही लक्षात घ्या की तनवीनने वाचा किंवा तनवीनशिवाय, उल्लेख त्याच लोकांचा आहे. बोलणारा त्यांच्याकडे जमात म्हणून बघतोय की एका पूर्वजाच्या नावाने, एवढाच फरक. काही वक्ते एका जबरावरून मोठमोठे गूढार्थ काढतात. त्यांना ही पठणं माहीत नसतात.

तिसरा संकेत मूळ भाषेचा. प्रेषितांच्या नावांपैकी मुहम्मद, सालिह, शुऐब आणि हूद ही अरबी म्हणून मुनसरिफ, नूह आणि लूत हलकी म्हणून मुनसरिफ, आणि इब्राहीम, इस्माईल, इसहाक़, याक़ूब, यूसुफ वगैरे बाकीची परभाषेतली म्हणून गैर मुनसरिफ. मुनसरिफ सहांची आद्याक्षरं जोडून मदरशात एक छोटं सूत्र पाठ करून घेतात. पण परभाषेतलं असणं एकटं पुरत नाही, सोबत विशेषनाम असावं लागतं. याच सूरहत लूतच्या लोकांवर ‘हिजारत-अन मिन सिज्जील-इन’ (82) पडले. सिज्जील हा शब्द बाहेरून आल्याचं जुने जाणकारही सांगत आले, पण ते सामान्यनाम आहे, म्हणून दोन जेर.

इब्लीसवरचा वाद यातूनच आला. ‘इल्ला इब्लीस-अ’ (2:34) मध्ये तनवीन नाही. ज्यांनी त्याची व्युत्पत्ती निराश होणं या अर्थाच्या अरबी धातूवरून लावली, त्यांना विचारलं गेलं की मग तनवीन कुठे गेली? अरबी असेल तर विशेषनाम हे एकच कारण उरतं, आणि एकावर तनवीन जात नाही. ते म्हणतात, असं नाव अरबांत दुसऱ्या कुणाचं नव्हतं, म्हणून ते परक्यासारखं वागवलं. मला हे उत्तर सोयीचं वाटतं. तसंच ‘उमर’चं. हे नाव ‘आमिर’वरून वळवलं म्हणून गैर मुनसरिफ, असं शिकवतात. खरं तर तनवीन नाही हे आधी दिसलं आणि कारण मागून बसवलं.

एका फसव्या शेवटाबद्दल सावध करतो. ‘आ’पुढे हमज़ा असलेले शब्द सरसकट गैर मुनसरिफ नसतात. ‘फ़ी अस्मा-इन’ (7:71) मध्ये दोन जेर आहेत, कारण तिथला हमज़ा धातूतल्या ‘वाव’चा बदललेला आहे, जोडलेला नाही. ‘अन अश्या-अ’ (5:101) मध्ये मात्र जबर आहे, जरी शब्द हुबेहूब त्याच साच्यातला दिसतो. त्यावर सीबवैह आणि त्यांचे गुरू ख़लील यांचं म्हणणं असं की मूळ शब्द वेगळ्या साच्याचा होता आणि त्यातली अक्षरं जागा बदलून बसली. तुमच्या कामापुरतं एवढंच धरा: ‘अश्या’ हा एक शब्द पाठ करून ठेवायचा.

शेवटचा स्वर ऐकू येईल असंही गृहीत धरू नका. आयतीच्या अखेरीस थांबलं की समूद-अ, समूद-इन सगळं ‘समूद’च ऐकू येतं. तपासायचं तर छापील खूण बघायची. मूसा आणि ईसा यांच्या शेवटी अलिफ असल्यामुळे तिथे कुठलीच खूण बसत नाही, त्यांच्यावर वेळ घालवू नका. आणि कवितेत तर हा नियम छंदापुढे नमतो. इम्रुल क़ैसच्या मुअल्लक़ात ‘ख़िद्र-अ उनैज़त-इन’ आहे. उनैज़ा हे स्त्रीचं नाव, एरवी तिथे जबर हवा. पण वृत्ताला तिथे तनवीन हवी होती, म्हणून तनवीनही आली आणि जेरही. शेराच्या ओळीत अशी तनवीन दिसली तर आधी मात्रा मोजा, अर्थ नंतर. कुरआनच्या पठणातही सूरह इन्सानमध्ये (76:4) ‘सलासिल-अ’च्या जागी काही क़ारी ‘सलासिल-अन’ वाचतात. पुढे लगेच ‘अग़लाल-अन’ आहे, त्याच्याशी ध्वनी जुळावा म्हणून, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

आता हे सगळं स्वतः करून बघायला सूरह निसाची 163वी आयत उघडा. ‘इला’नंतर नावांची रांग आहे. नूह-इन दोन जेर घेऊन येतो. दुसऱ्या ‘इला’नंतर इब्राहीम-अ, इस्माईल-अ, इसहाक़-अ, याक़ूब-अ, सगळे जरमध्ये आणि सगळ्यांवर जबर. मग अचानक ‘वल-असबात-इ’ जेर घेऊन येतो. हाच तुमचा शेजारी, ज्याच्यावरून आधीचे चौघे कुठल्या विभक्तीत आहेत ते सिद्ध होतं. ईसाला सोडून द्या. पुढे अय्यूब-अ, यूनुस-अ, हारून-अ, सुलैमान-अ पुन्हा जबरवर. आणि मग ‘व-आतैना दाऊद-अ ज़बूर-अन’. इथला दाऊदचा जबर रांगेतला समजून जर म्हणाल तर चुकाल. मध्ये ‘आतैना’, आम्ही दिला, हे क्रियापद येऊन गेलंय. दाऊद त्याचं पहिलं कर्म आहे आणि ज़बूर दुसरं. दोघेही नसबमध्ये आहेत, एकावर एक जबर आणि दुसऱ्यावर दोन.